आवर्तसारणीतल्या अपवादांच्या दोन तऱ्हा

बोरॉन ८०१, कार्बन १०८६, नायट्रोजन १४०२, ऑक्सिजन १३१४, फ्लुओरीन १६८१, निऑन २०८१. आवर्तसारणीच्या दुसऱ्या आवर्तातली ही ओळीनं येणारी सहा मूलद्रव्यं आणि त्यांच्या पहिल्या आयनीभवन ऊर्जा, किलोज्यूल प्रति मोल या एककात. आकडे चढत जातात, ऑक्सिजनपाशी एकदा घसरतात आणि पुन्हा चढू लागतात. नीट, जेईई, सीईटी, कोणत्याही प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलाला ही घसरण तोंडपाठ असते. तिचं कारणही पाठ असतं: ‘नायट्रोजनचं पी उपकवच अर्धं भरलेलं असतं, म्हणून तो स्थिर असतो.’ आता त्याच मुलाला विचारा की नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांच्यात विद्युतऋणता कोणाची जास्त. अपवाद आठवून पुष्कळजण नायट्रोजन म्हणतात. उत्तर आहे ऑक्सिजन, आणि तेही चांगल्या फरकानं.

एका ठिकाणी चालणारा अपवाद दुसऱ्या ठिकाणी का चालत नाही, हे पाठांतरातून कळत नाही. त्यासाठी अपवाद कशामुळे झाला ते पाहावं लागतं. तसं पाहिलं की परीक्षेत येणारे बहुतेक अपवाद दोनच तऱ्हांचे निघतात. एक तऱ्हा इलेक्ट्रॉन एकमेकांशी कसे वागतात त्यातून येते, दुसरी केंद्रकाची ओढ किती अडवली जाते त्यातून. पहिली फक्त सुट्या अणूतून इलेक्ट्रॉन काढताना किंवा त्यात घालताना दिसते. दुसरी आकार, आयनीभवन ऊर्जा आणि विद्युतऋणता, तिन्हींत उमटते.

आधी नियम पाहू. अणूच्या मध्यभागी धन प्रभाराचं केंद्रक असतं आणि भोवती कवचांमध्ये इलेक्ट्रॉन. सगळ्यात बाहेरच्या इलेक्ट्रॉनला केंद्रक ओढतं, पण ती ओढ पूर्ण पोहोचत नाही, कारण आतल्या कवचांतले इलेक्ट्रॉन मध्ये येतात आणि आपल्या ऋण प्रभारानं ती कमी करतात. या अडवण्याला वर्गात ‘शिल्डिंग’ म्हणतात. अडवणूक वजा करून जो प्रभार बाहेरच्या इलेक्ट्रॉनच्या वाट्याला उरतो, तो परिणामी केंद्रकीय प्रभार. वर्गातल्या बोलीत ‘झेड इफेक्टिव्ह’.

अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ जॉन स्लेटर यांनी १९३० मध्ये हा उरलेला प्रभार काढण्याची ढोबळ पण फार उपयोगी रीत दिली. बाहेरच्याच कवचातला प्रत्येक सोबती इलेक्ट्रॉन ०.३५ एवढा प्रभार अडवतो, एक कवच आतला ०.८५ आणि त्याहून आतले पूर्ण १. लिथिअमला तीन प्रोटॉन. आतले दोन इलेक्ट्रॉन १.७० अडवतात, उरतात १.३०. पुढच्या बेरिलिअममध्ये एक प्रोटॉन वाढला, पण सोबती इलेक्ट्रॉननं ०.३५ च अडवलं. म्हणून उरले १.९५. आवर्तात प्रत्येक पावलाला असे ०.६५ जमा होत जातात आणि फ्लुओरीनपाशी ५.२० होतात. ओढ वाढली की कवच आवळलं जातं. लिथिअमची त्रिज्या १५२ पिकोमीटर, फ्लुओरीनची ६४. एका मीटरचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे पिकोमीटर. ओढ वाढली की इलेक्ट्रॉन काढायलाही जास्त ऊर्जा लागते, आणि बंधातले इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढण्याची ताकद, म्हणजे विद्युतऋणता, तीही वाढते. तिन्ही गुणधर्म एकाच गणितातून निघतात.

गणात खाली जाताना काय होतं, तेही याच रीतीनं काढता येतं. सोडिअमसाठी उरलेला प्रभार २.२० येतो. पोटॅशिअमसाठी मांडून पाहा, तोही २.२० च येतो. ओढणारा प्रभार तेवढाच, पण कवच एक वाढलेलं. म्हणून त्रिज्या १८६ वरून २३१ पिकोमीटर होते आणि आयनीभवन ऊर्जा ४९६ वरून ४१९ वर उतरते.

निष्क्रिय वायूंबद्दल इथेच सांगून टाकतो. काही तक्त्यांत निऑनची त्रिज्या फ्लुओरीनच्या दुपटीहून जास्त छापलेली असते आणि मुलं त्याला अपवाद समजतात. तो मापनाचा फरक आहे. फ्लुओरीनची त्रिज्या एकमेकांना बंधानं जोडलेल्या दोन अणूंमधलं अंतर निम्मं करून काढतात. निऑनचे अणू बंध करत नाहीत, नुसते शेजारी टेकतात, म्हणून ते अंतर मोठं येतं. दोन वेगळ्या फूटपट्ट्यांची मापं एका रांगेत लावायची नसतात.

आता घसरण. या आवर्तात ती दोनदा येते. पहिली बेरिलिअम ते बोरॉन, ८९९ वरून ८०१. इथे कारण सरळ आहे. बेरिलिअममधून निघणारा इलेक्ट्रॉन २एस मधला, बोरॉनमधून निघणारा २पी मधला. एस इलेक्ट्रॉन केंद्रकाच्या अगदी जवळपर्यंत शिरतो, पी तितका शिरत नाही. शिवाय २एस चे दोन इलेक्ट्रॉन त्याला थोडे अडवतातच. म्हणून प्रभार वाढूनही बोरॉनचा तो एकटा पी इलेक्ट्रॉन सहज सुटतो. स्लेटरची रीत एस आणि पी यांना एकाच मापानं मोजते, त्यामुळे तिला ही घसरण दिसत नाही. तिची मर्यादा इथे लक्षात ठेवायला हवी.

दुसरी घसरण नायट्रोजन ते ऑक्सिजन, आणि इथे पाठ केलेल्या कारणाबद्दल माझा आक्षेप आहे. ‘अर्धं भरलेलं उपकवच स्थिर’ हे वाक्य असं भासवतं की नायट्रोजनमध्ये काही खास आहे, त्याचा आकडा असायला हवा त्याहून वर गेला आहे, आणि बाकीचे आपापल्या जागी आहेत. हे खरं आहे का, ते आकड्यांनाच विचारता येतं.

बोरॉन ते कार्बन वाढ २८५. कार्बन ते नायट्रोजन ३१६. वाढीचा वेग थोडा वाढता आहे, म्हणून त्याच चालीनं पुढं गेलं तर ऑक्सिजन साधारण १७३० च्या आसपास, फ्लुओरीन २१०० च्या जवळ आणि निऑन २४५० च्या पुढं असायला हवा होता. प्रत्यक्षात ते १३१४, १६८१ आणि २०८१ आहेत. तिघेही सुमारे चारशेनं खाली. नायट्रोजन एकटा उंच असता, तर त्याला वगळून कार्बनपासून फ्लुओरीनपर्यंत रेघ सरळ जुळली असती. तशी ती जुळत नाही. बोरॉन, कार्बन, नायट्रोजन एका रेघेवर आहेत आणि ऑक्सिजन, फ्लुओरीन, निऑन तिच्याखालच्या दुसऱ्या रेघेवर. नायट्रोजन आपल्या जागीच आहे. खाली सरकला आहे तो ऑक्सिजन आणि त्याच्यामागून येणारे दोघे.

का सरकले? पी उपकवचात तीन ऑर्बिटल. बोरॉन, कार्बन, नायट्रोजन यांचे पी इलेक्ट्रॉन एकेका ऑर्बिटलमध्ये एकेकटे राहतात आणि सगळ्यांचा स्पिन एकाच दिशेचा असतो. एकाच स्पिनचे इलेक्ट्रॉन पुंजयामिकीच्या नियमानं एकमेकांच्या फार जवळ येऊच शकत नाहीत, त्यामुळे त्यांच्यातलं प्रतिकर्षण कमी राहतं. ऑक्सिजनच्या चौथ्या पी इलेक्ट्रॉनला मोकळं ऑर्बिटल उरत नाही. तो उलट स्पिन घेऊन आधीच्या एका इलेक्ट्रॉनबरोबर जोडीनं राहतो. उलट स्पिनवाल्यांना जवळ येण्याची मनाई नाही, म्हणून प्रतिकर्षण वाढतं आणि हा चौथा इलेक्ट्रॉन काढणं सोपं जातं. फ्लुओरीन आणि निऑन यांच्यातूनही अशा उलट स्पिनच्या जोडीतलाच इलेक्ट्रॉन निघतो. म्हणून तेही तेवढेच खाली. उत्तरपत्रिकेत ‘ऑक्सिजनमध्ये जोडी झालेल्या इलेक्ट्रॉनांचं प्रतिकर्षण’ हे शब्द यायला हवेत. ‘अर्धं भरलेलं’ एवढंच लिहिलं तर गुण कदाचित मिळतील, पण कारण अर्धंच सांगितलं जाईल.

प्रतिकर्षण हे कारण असेल, तर आणखी एक गोष्ट घडायला हवी. अणू जसा मोठा होईल, तसे जोडीतले इलेक्ट्रॉन ऐसपैस जागेत पसरतील आणि घसरण कमी होत जाईल. गणात खाली उतरून बघा. नायट्रोजन ते ऑक्सिजन घसरण ८८ ची. फॉस्फरस ते सल्फर १०१२ वरून १०००, फक्त १२. आर्सेनिक ते सेलेनिअम ९४७ वरून ९४१, फक्त ६. आणि अँटिमनी ते टेल्युरिअम? तिथे घसरण नाहीच, ८३१ वरून ८६९ अशी वाढ आहे. म्हणजे पंधरावा गण नेहमी सोळाव्याहून वर, असं सरसकट पाठ केलेलं पाचव्या आवर्तात चुकतं.

या तऱ्हेच्या अपवादाची आणखी एक खूण आहे, आणि परीक्षकांना ती विशेष प्रिय आहे. कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन, फ्लुओरीन यांच्या दुसऱ्या आयनीभवन ऊर्जा चढत्या क्रमानं लावा, असा प्रश्न येतो. मुलं पहिल्या ऊर्जेचा क्रम आठवतात आणि ऑक्सिजनला नायट्रोजनच्या खाली टाकतात. इथे घाई न करता एक पायरी लिहून काढावी. दुसरा इलेक्ट्रॉन निघतो तो अणूतून नाही, एक इलेक्ट्रॉन आधीच गमावलेल्या आयनातून. त्या आयनांची बाहेरची रचना अशी:

```
C⁺  2s² 2p¹
N⁺  2s² 2p²
O⁺  2s² 2p³
F⁺  2s² 2p⁴
```

आता ऑक्सिजनचा आयन नायट्रोजनच्या जागी आला आणि फ्लुओरीनचा आयन ऑक्सिजनच्या. जोडी आहे ती फ्लुओरीनच्या आयनात. घसरण एक घर उजवीकडे सरकली. आकडे हेच सांगतात: कार्बन २३५३, नायट्रोजन २८५६, फ्लुओरीन ३३७४ आणि ऑक्सिजन ३३८८. क्रम कार्बन, नायट्रोजन, फ्लुओरीन, ऑक्सिजन. पहिली घसरणही अशीच सरकते. एकदा इलेक्ट्रॉन गमावलेल्या बोरॉनची रचना बेरिलिअमसारखी होते, म्हणून बोरॉनचा दुसरा आकडा २४२७ हा कार्बनच्या २३५३ हून मोठा. म्हणजे हा अपवाद मूलद्रव्याच्या नावाला चिकटलेला नाही, इलेक्ट्रॉनांच्या संख्येला चिकटलेला आहे. संख्या बदलली की तो जागा बदलतो.

दुसऱ्या तऱ्हेसाठी तेराव्या गणात जाऊ. बोरॉन, ॲल्युमिनिअम, गॅलिअम. खाली जाताना आकार वाढायला हवा, आणि बोरॉनकडून ॲल्युमिनिअमकडे तो चांगलाच वाढतो. पण पाठ्यपुस्तकात ॲल्युमिनिअमची त्रिज्या १४३ पिकोमीटर आणि गॅलिअमची १३५ दिलेली असते. एक अख्खं कवच वाढून अणू लहान झाला. सहसंयुज बंधातली त्रिज्या घेतली तर दोन्ही जवळजवळ सारखी येतात. कोणतंही माप घ्या, अपेक्षित वाढ कुठंच दिसत नाही.

गॅलिअमची आवर्तसारणीतली जागा तो सापडण्याआधीच ठरली होती. मेंडेलीव्ह यांनी १८७१ मध्ये ॲल्युमिनिअमखालच्या रिकाम्या जागेतल्या मूलद्रव्याचे गुणधर्म वर्तवले आणि त्याला एका-ॲल्युमिनिअम म्हटलं. १८७५ मध्ये फ्रान्सच्या लकॉक द ब्वाबोद्राँ यांना जस्ताच्या खनिजाच्या वर्णपटात नव्या रेषा दिसल्या. त्यांनी मोजलेली घनता ४.७ आली. मेंडेलीव्ह यांनी कळवलं की ती ५.९ च्या जवळ असायला हवी, नमुना पुन्हा शुद्ध करून मोजा. पुन्हा मोजल्यावर ५.९ आली. अणूच्या आत काय आहे ते तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हतं; इलेक्ट्रॉनचा शोध त्यानंतर बावीस वर्षांनी, १८९७ मध्ये लागला.

आज आपण आत पाहू शकतो. ॲल्युमिनिअमपासून गॅलिअमपर्यंत पोहोचताना वाटेत डी उपकवच भरलं जातं. स्कँडिअमपासून जस्तापर्यंतची दहा मूलद्रव्यं मध्ये येतात, म्हणजे केंद्रकात दहा प्रोटॉन जास्तीचे येतात आणि त्यांच्या बरोबरीनं दहा डी इलेक्ट्रॉन. हे इलेक्ट्रॉन आतल्या कवचात असले तरी त्यांचा विस्तार असा असतो की ते बाहेरच्या इलेक्ट्रॉनला केंद्रकाच्या ओढीपासून पुरते झाकू शकत नाहीत. स्लेटरच्या रीतीनं हिशोब मांडू. ॲल्युमिनिअमचे १३ प्रोटॉन. दोन सोबती ०.७०, एक कवच आतले आठ ६.८०, सगळ्यात आतले दोन २.००. अडवणूक ९.५०, उरले ३.५०. गॅलिअमचे ३१ प्रोटॉन. दोन सोबती ०.७०, एक कवच आतले अठरा १५.३०, त्याहून आतले दहा १०.००. अडवणूक २६.००, उरले ५.००. सोडिअम आणि पोटॅशिअम यांच्यात उरलेला प्रभार सारखाच होता. इथे तो ३.५० वरून थेट ५.०० झाला. कवच वाढल्यानं जे बाहेर जायचं, ते या जादा ओढीनं आत खेचलं गेलं.

आता हा अपवाद बाकीच्या गुणधर्मांत शोधा. पहिली आयनीभवन ऊर्जा: ॲल्युमिनिअम ५७७, गॅलिअम ५७९. दोनचा फरक तुटपुंजा वाटेल, पण गणात खाली आकडा उतरायला हवा होता, तो उतरलाच नाही. तिन्ही बाहेरचे इलेक्ट्रॉन काढण्याची एकूण ऊर्जा घेतली तर चित्र स्पष्ट होतं: ॲल्युमिनिअमसाठी सुमारे ५१४०, गॅलिअमसाठी ५५२०. विद्युतऋणता: ॲल्युमिनिअम १.६१, गॅलिअम १.८१. आकार, ऊर्जा, विद्युतऋणता, तिन्हींत गॅलिअम एकाच बाजूला झुकतो, कारण कारण एकच आहे आणि ते केंद्रकाच्या ओढीतच बसलेलं आहे.

इथे परीक्षक एक सापळा लावतात. त्रिज्या अणूची विचारली की आयनाची, ते नीट वाचावं. तीन इलेक्ट्रॉन गमावलेल्या आयनांमध्ये ॲल्युमिनिअमची त्रिज्या ५३.५ पिकोमीटर आणि गॅलिअमची ६२. तिथे गॅलिअमच मोठा. आयनाचं सगळ्यात बाहेरचं वेष्टन आता खुद्द त्या दहा डी इलेक्ट्रॉनांचं झालेलं असतं, आणि ते तिसऱ्या कवचातलं असतं. ॲल्युमिनिअमच्या आयनाचं वेष्टन दुसऱ्या कवचातलं.

ॲल्युमिनिअम आणि गॅलिअम यांच्या या सारखेपणानं एक अख्खा उद्योग उभा राहिला, आणि मला हा या विषयातला सगळ्यात सुंदर भाग वाटतो. गॅलिअम आर्सेनाइड आणि ॲल्युमिनिअम आर्सेनाइड या दोन अर्धवाहकांच्या स्फटिकांची जाळी मोजली तर तिचा एक घटक अनुक्रमे ५६५.३ आणि ५६६.१ पिकोमीटर भरतो. फरक हजारात दीडभर. त्याच गणातल्या इंडिअमचं आर्सेनाइड घेतलं तर तो आकडा ६०५.८ होतो. एका अर्धवाहकाचा थर दुसऱ्यावर वाढवायचा तर अणूंच्या ओळी एकमेकींवर बसाव्या लागतात. न बसल्या तर स्फटिकात तडे आणि दोष येतात आणि प्रकाश देणारं उपकरण निकामी होतं. गॅलिअम आणि ॲल्युमिनिअम यांची आर्सेनाइडं एकमेकांवर जवळपास बिनचूक बसतात, म्हणूनच त्यांचे पातळ थर रचून लेसर बनवता आले. सीडी वाचणारा किरण याच थरांमधून निघायचा. अशा थरांच्या रचनेसाठी झोरेस अल्फेरॉव्ह आणि हर्बर्ट क्रोमर यांना २००० साली भौतिकशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचा वाटा मिळाला. डी इलेक्ट्रॉनांनी ओढ नीट अडवली असती, तर गॅलिअम इंडिअमच्या दिशेनं फुगला असता आणि ही जोडी जमली नसती.

याच कारणाचं आणखी तीव्र रूप एक मजला खाली भेटतं. झिर्कोनिअम १६० पिकोमीटर, त्याच्या खालचा हाफ्निअम १५९. इथे मध्ये लँथनाइडांची रांग येते आणि चौदा एफ इलेक्ट्रॉन भरले जातात. अडवण्याच्या बाबतीत एफ इलेक्ट्रॉन डी पेक्षाही कमकुवत. परिणाम असा की हाफ्निअम रासायनिकदृष्ट्या झिर्कोनिअमसारखाच वागतो, त्याच्याच खनिजांत लपून राहतो, आणि तो वेगळा ओळखायला १९२३ साल उजाडलं. कोपनहेगनमध्ये डर्क कॉस्टर आणि जॉर्ज द हेवेशी यांनी झिर्कोनिअमच्या खनिजातून येणारे क्ष-किरण तपासले, तेव्हा तो सापडला. हा सारखेपणा अणुभट्टीवाल्यांना महाग पडतो. इंधनाच्या नळ्या झिर्कोनिअमच्या मिश्रधातूच्या करतात, कारण तो न्यूट्रॉन फारसे गिळत नाही. हाफ्निअम त्याच्या कितीतरी शेकडो पट गिळतो. म्हणून तारापूरसारख्या अणुवीज केंद्रांसाठी नळ्या बनवण्याआधी खनिजातला दोन-तीन टक्के हाफ्निअम काढून टाकावा लागतो. हैदराबादच्या न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्समध्ये हे काम द्रावकांच्या साह्यानं टप्प्याटप्प्यानं चालतं. आकार आणि प्रभार दोन्ही सारखे असताना वेगळं करायचं, म्हणून एका टप्प्यात ते होत नाही.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. विद्युतऋणता ही आयनीभवन ऊर्जेसारखी थेट मोजलेली राशी नाही. लायनस पाउलिंग यांनी १९३२ मध्ये ती बंधांच्या ऊर्जांवरून काढली. रीत समजायला एक उदाहरण पुरे. हायड्रोजनच्या दोन अणूंमधला बंध तोडायला ४३६ किलोज्यूल प्रति मोल लागतात, क्लोरीनच्या दोन अणूंमधला २४३. दोघांची सरासरी ३३९.५. हायड्रोजन आणि क्लोरीन यांनी इलेक्ट्रॉन समसमान वाटून घेतले असते, तर त्यांच्यातला बंध साधारण एवढाच भरला असता. प्रत्यक्षात तो ४३१ आहे. हे ९१.५ जास्तीचे कुठून आले? क्लोरीन इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढतो, त्यामुळे एका टोकाला थोडा ऋण आणि दुसऱ्याला थोडा धन प्रभार येतो आणि बंध बळकट होतो. पाउलिंग यांच्या सूत्रानुसार या जादा ऊर्जेला ९६.५ नं भागायचं आणि वर्गमूळ काढायचं. ९१.५ भागिले ९६.५ म्हणजे ०.९५, वर्गमूळ ०.९७. हायड्रोजनची विद्युतऋणता २.२० धरली तर क्लोरीनची ३.१७ येते. तक्त्यातला आकडा आहे ३.१६.

या हिशोबात सुटा अणू कुठंच नाही. आहे तो बंधातला अणू, ज्याचे इलेक्ट्रॉन शेजाऱ्याशी वाटलेले आहेत. सुट्या ऑक्सिजनमधल्या चौथ्या पी इलेक्ट्रॉनची अडचण ही एक इलेक्ट्रॉन पूर्ण बाहेर काढतानाची गोष्ट. बंधात कोणी बाहेर जात नाही. तिथे चालतो तो केंद्रकाच्या उरलेल्या ओढीचा जोर, आणि तो नायट्रोजनमध्ये ३.९०, ऑक्सिजनमध्ये ४.५५. म्हणून विद्युतऋणता बोरॉन २.०४, कार्बन २.५५, नायट्रोजन ३.०४, ऑक्सिजन ३.४४, फ्लुओरीन ३.९८ अशी एकही पायरी न चुकता चढते. बेरिलिअमचे १.५७ बोरॉनच्या खालीच आहेत. दोन्ही घसरणी इथे नाहीशा झाल्या. गॅलिअमचा अपवाद मात्र इथेही टिकला, कारण तो ओढीतूनच आलेला होता.

फ्लुओरीनबद्दलचा एक नेहमीचा गोंधळही यातच सुटतो. सुट्या अणूनं एक इलेक्ट्रॉन घेतला की बाहेर पडणारी ऊर्जा क्लोरीनसाठी ३४९ किलोज्यूल प्रति मोल आणि फ्लुओरीनसाठी ३२८ आहे. फ्लुओरीनच्या चिमुकल्या कवचात आधीच दाटी असल्यानं नव्या इलेक्ट्रॉनला प्रतिकर्षण जास्त होतं. ही पुन्हा पहिल्या तऱ्हेची, सुट्या अणूची गोष्ट. विद्युतऋणतेत फ्लुओरीन पहिलाच.

परीक्षेला बसणाऱ्यांनी शेवटी तेराव्या गणाची पहिली आयनीभवन ऊर्जा स्वतः वाचून पाहावी: बोरॉन ८०१, ॲल्युमिनिअम ५७७, गॅलिअम ५७९, इंडिअम ५५८, थॅलिअम ५८९. गॅलिअमपाशी डी इलेक्ट्रॉन आणि थॅलिअमपाशी एफ इलेक्ट्रॉन, दोन्ही आकडे खाली उतरू देत नाहीत. प्रत्येक चढ-उतारापुढे त्याचं कारण एका ओळीत लिहा, आणि त्या ओळीत ‘अपवाद’ हा शब्द वापरू नका.